एक रोजा की एकसष्ट?

रमजानमधली दुपार आहे. आजार नाही, प्रवास नाही, कुणाची सक्ती नाही. तरीही एखाद्या रोजेदाराने जाणूनबुजून चहाचा कप तोंडाला लावला, तर त्याच्यावर काय येते? त्याचा रोजा मोडला, त्याच्याकडून गुन्हा घडला, त्याने तौबा केली पाहिजे आणि रमजान संपल्यावर त्या दिवसाच्या बदल्यात एक रोजा ठेवला पाहिजे. याला कजा म्हणतात. इथपर्यंत चारही सुन्नी मजहबांचे एकमत आहे. मजहब या शब्दाचा अर्थ इथे धर्म असा घ्यायचा नाही. शरियतचा अर्थ लावण्याची एकेका इमामापासून चालत आलेली परंपरा, असा तो घ्यायचा.

मतभेद सुरू होतो तो यानंतर. हाच प्रश्न रत्नागिरीतल्या कोकणी मुसलमानाने आपल्या मौलानांना विचारला, तर उत्तर येईल की तौबा करा आणि एक कजा रोजा ठेवा. सोलापुरातल्या मुसलमानाने आपल्या मौलानांना विचारला, तर उत्तर येईल की कजा रोजा तर आहेच, पण शिवाय कफ्फारा आहे, म्हणजे लागोपाठ दोन महिन्यांचे रोजे. या दोन महिन्यांत एक दिवस विनाकारण चुकला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, घाटावरचे बहुतांशी हनफी. शाफई परंपरा कोकणात आणि केरळात आली ती अरबी समुद्रावरून, व्यापारी गलबतांबरोबर. माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांचा उरूस मुंबईत आजही भरतो, ते शाफईच होते. हनफी परंपरा आली ती मध्य आशियातून उत्तरेमार्गे, राज्यकर्त्यांबरोबर. दोन परंपरा दोन वाटांनी आल्या हे भूगोलाने समजते. पण एकाच चहाच्या कपाचा हिशेब एकीकडे एक रोजा आणि दुसरीकडे एकसष्ट, हे भूगोलाने समजत नाही.

याचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. हदीस दूरदूर विखुरलेल्या होत्या, एका इमामापर्यंत एक पोहोचली, दुसऱ्यापर्यंत दुसरी, म्हणून मते वेगळी झाली, असे सांगतात. काही प्रश्नांत ते खरेही आहे. इथे मात्र ते पुरत नाही, कारण कफ्फाऱ्याचा सारा वाद ज्या घटनेवर उभा आहे ती घटना चौघांनाही ठाऊक होती. कुफ्याचे इमाम अबू हनीफा, मदिनेचे इमाम मालिक, मक्का, मदिना आणि इराकात शिकून शेवटी इजिप्तमध्ये स्थिरावलेले इमाम शाफई आणि बगदादचे इमाम अहमद बिन हंबल, या चौघांचाही काळ इसवीसनाच्या आठव्या-नवव्या शतकातला. शाफई हे मालिक यांचे शिष्य. अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद शैबानी यांच्याकडेही ते शिकले. पुढे अहमद हे शाफईंकडे शिकले. एकमेकांचे म्हणणे त्यांना नीट माहीत होते.

ती घटना अशी. एक माणूस पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे आला आणि आपला सत्यानाश झाला म्हणून सांगू लागला. काय झाले असे विचारता त्याने सांगितले की रमजानच्या रोज्यात असताना आपण पत्नीशी संबंध ठेवला. पैगंबरांनी विचारले, एक गुलाम मुक्त करू शकशील? तो नाही म्हणाला. लागोपाठ दोन महिने रोजे ठेवू शकशील? नाही. साठ गरिबांना जेवू घालू शकशील? तेही नाही. मग तो तिथेच बसून राहिला. तेवढ्यात कुणीतरी खजुरांची एक टोपली आणून दिली. पैगंबरांनी ती त्याच्या हाती दिली आणि दान करून टाक म्हणून सांगितले. त्यावर तो म्हणाला की मदिनेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या घरापेक्षा गरीब घर नाही. पैगंबरांना हसू आले आणि त्यांनी त्याला ते खजूर आपल्याच घरच्यांना खाऊ घालायला सांगितले. हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही सर्वमान्य संग्रहांत आहे.

घटना एका माणसाची, पण नियम सगळ्यांसाठी काढायचा आहे. म्हणजे या प्रसंगातले काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हे ठरवावे लागते. फिक्हच्या परिभाषेत या कामाला तनकीह अल्-मनात म्हणतात. हुकूम ज्या खुंटीला टांगला आहे, ती खुंटी पाखडून वेगळी काढणे, असा त्याचा साधा अर्थ. सुपात धान्य घेऊन फोलपट उडवावे तसे हे काम चालते. तो माणूस अरब होता, हे फोलपट. इमाम गझाली (मृत्यू 1111) हाच प्रसंग उदाहरणादाखल घेऊन सांगतात की तुर्कालाही हाच नियम लागू आहे, अरब नसलेल्या इतरांनाही. घटना मदिनेत घडली, हेही फोलपट. तो अमुक एका वर्षाचा रमजान होता, हेही. इथपर्यंत सूप कुणाच्याही हातात असले तरी फरक पडत नाही.

आता सुपात दोनच दाणे उरतात. त्या माणसाने शरीरसंबंध ठेवला, हा एक. त्याने रमजानचा रोजा जाणूनबुजून मोडला, हा दुसरा. त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकाच कृतीत घडल्या होत्या, पण कफ्फारा नेमका कशासाठी सांगितला गेला? पहिल्यासाठी असेल, तर चहा पिणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्यासाठी असेल, तर चहा पिणारा आणि तो मदिनेतला माणूस एकाच ओळीत उभे राहतात.

हनफी म्हणतात, शरीरसंबंध हेही फोलपटच आहे. तो मनुष्य आपल्या पत्नीकडे गेला यात एरवी काही गैर नव्हते, रात्री गेला असता तर कुणी काही म्हटले नसते. गुन्हा झाला तो रमजानच्या पावित्र्यावर घाला घातल्याचा. रोजा म्हणजे खाणे, पिणे आणि शरीरसंबंध या तिन्हींपासून दूर राहणे. तिन्ही एकाच दर्जाची बंधने आहेत, मग त्यांतले कुठलेही मुद्दाम तोडले तर परिणामही एकच हवा. मालिकीही याच निष्कर्षाला येतात.

शाफई म्हणतात, थांबा. कफ्फारा हे मोठे ओझे आहे आणि अल्लाहच्या नावाने एखाद्यावर ओझे घालायचे तर स्पष्ट आधार हवा. तिन्ही बंधने सारखी आहेत हे तुम्ही धरून चालला आहात, पण शरियत स्वतः तसे धरत नाही. हजमध्ये पाहा. तिथे शिकार, सुगंध, शिवलेले कपडे अशी कितीतरी बंधने आहेत, पण हज मुळातूनच बिघडतो तो शरीरसंबंधाने. दुसरे असे की, जो मुद्दाम उलटी करतो त्याचाही रोजा तुटतो, पण त्याच्यावर फक्त कजा सांगितली आहे, कफ्फारा नाही. मग चहा पिणाऱ्याची तुलना पत्नीकडे गेलेल्या माणसाशीच का करायची? उलटी करणाऱ्याशी का नाही? हंबलीही या प्रश्नात शाफईंच्या बाजूला आहेत.

यावर दोन्ही बाजूंनी जो युक्तिवाद झाला तो वाचण्यासारखा आहे, कारण दोघेही एकाच तत्त्वापासून निघून उलट दिशांना जातात. कफ्फारा हा धाक आहे, हे दोघांनाही मान्य. शाफई बाजू म्हणते की कामवासना उसळली की नुसत्या धर्माच्या शब्दाने माणूस आवरत नाही, म्हणून तिथे जादा धाक लागतो, खाण्यापिण्याला तेवढा लागत नाही. हनफी उत्तर देतात की, दिवसभराच्या उपाशी माणसाला कशाचा मोह जास्त होतो, हे कुठल्याही रोजेदाराला विचारा. दिवस ही खाण्यापिण्याचीच वेळ आहे, तहान तर तासागणिक वाढत जाते. धाक लागतो तो तिथेच. या ठिकाणी हनफींचे निरीक्षण जास्त खरे वाटते, पण निरीक्षण खरे असणे आणि त्यावरून साठ दिवसांचे ओझे घालण्याचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा शाफईंचा मुद्दा त्यामुळे सुटत नाही.

हनफींचे कारण पोकळ नाही, हे त्यांच्याच दुसऱ्या एका निर्णयावरून तपासता येते. कुणी रोज्यात खडा गिळला तर? हनफी म्हणतात, रोजा तुटला, कजा आली, पण कफ्फारा नाही. कारण खड्याने भूक भागत नाही, कुणाला त्याचा मोहही होत नाही. म्हणजे कारण जिथे संपते तिथे त्यांचा नियमही थांबतो. विसरून खाल्ले किंवा प्याले तर कफ्फारा कुणाकडेच नाही, कारण तिथे जाणूनबुजून हा भागच उरत नाही.

या वादात एक गमतीचा पेच आहे आणि तो नजरेआड झाला तर हा मतभेद अर्धाच कळतो. एका प्रकरणाचा हुकूम समान कारणामुळे दुसऱ्या प्रकरणाला लावणे याला कियास म्हणतात. हनफींची ख्याती कियास मोकळेपणाने वापरणारे अशी आहे. पण त्यांचाच एक पक्का नियम असा की शिक्षा आणि कफ्फारा यांत कियास चालत नाही. साठ गरीब किंवा दोन महिने, हेच आकडे का, हे बुद्धीने सांगता येत नाही, मग ते दुसऱ्या प्रकरणाला तर्काने कसे लावणार? उलट शाफई मात्र कफ्फाऱ्यातही कियास तत्त्वतः मान्य करतात. म्हणजे ज्यांना कियास करायची मुभा आहे ते इथे करत नाहीत, आणि ज्यांना नाही त्यांनी तर नियम चहापर्यंत नेला आहे.

हनफी यातून वाट काढतात ती अशी. हा कियास नव्हेच, असे ते म्हणतात. कुरआनमध्ये आईवडिलांना हुं का चूं करू नका अशा अर्थाची आज्ञा आहे. मग त्यांना मारू नये हे सांगायला कियास लागतो का? भाषा कळणारा कुणीही माणूस ते त्या शब्दांतच ऐकतो. याला ते दलालत अल्-नस म्हणतात, म्हणजे वचनाच्या आशयातून थेट निघणारा अर्थ. तो मदिनेतला माणूस सत्यानाश झाला म्हणत आला तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळले की तो रोजा मोडल्याबद्दल बोलतो आहे. शाफईंचे म्हणणे, नाव काहीही द्या, हा उघडउघड कियासच आहे. आणि खरेच, आईवडिलांच्या उदाहरणात दुसरा अर्थ कुणाला सुचतही नाही. इथे तो सुचतो, नव्हे, दोन मोठ्या इमामांना सुचला. तेव्हा वचनात किती अर्थ आपोआप भरलेला असतो आणि किती वाचणारा भरतो, यावरच खरा मतभेद आहे. चहाचा कप हे निमित्त.

हा पेच एकट्या इस्लामी कायद्याचा नाही. वकिली शिकणाऱ्या प्रत्येकाला गोगलगाईचा खटला शिकवतात. स्कॉटलंडमध्ये एका बाईंनी हॉटेलात आल्याचे पेय घेतले, अपारदर्शक बाटलीतून त्यात कुजलेली गोगलगाय निघाली, आणि 1932 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की कारखानदाराची ग्राहकाप्रती जबाबदारी असते. आता हा नियम गोगलगाईपुरता, बाटल्यांपुरता, खाद्यपेयांपुरता, की हातून सुटलेल्या प्रत्येक मालाला लागू? निकालात घटना एकच असते, ती किती रुंद वाचायची हे पुढच्यांना ठरवावे लागते.

धर्मशास्त्रातले उदाहरण तर आपल्या आणखी जवळचे आहे. वारसा कुणाला, याचे उत्तर सपिंडाला असे स्मृतीत मिळाले, तरी पिंड म्हणजे काय हा प्रश्न राहतोच. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी पिंड म्हणजे देह असा अर्थ घेतला आणि रक्ताचे नाते मोजले. बंगालच्या जीमूतवाहनांनी दायभागात श्राद्धाचा पिंड असा अर्थ घेतला आणि पिंडदानाचा अधिकार मोजला. त्यामुळे 1956 चा वारसा कायदा येईपर्यंत महाराष्ट्रातल्या आणि बंगालमधल्या हिंदू कुटुंबांत मालमत्ता वेगवेगळ्या वाटांनी जात होती. फरक एवढाच की तिथे वाद एका शब्दाच्या दोन अर्थांचा होता आणि इथे, या हदीसमध्ये, प्रत्येक शब्दाचा अर्थ सर्वांना मान्य आहे.

किंवा जवळजवळ प्रत्येक शब्दाचा. कारण इमाम मालिक यांच्या मुवत्ता या ग्रंथात हीच घटना थोड्या वेगळ्या शब्दांत येते. तिथे तो माणूस पत्नीकडे गेला असे नाही, तर एका माणसाने रमजानमध्ये रोजा मोडला, एवढेच आहे. आणि गुलाम, रोजे, अन्नदान हे तीन पर्याय एकामागून एक विचारलेले नाहीत, तर 'किंवा' या शब्दाने जोडलेले आहेत. विशेष असे की मालिक यांनी ती ऐकली जुहरी यांच्याकडून, आणि जुहरींच्याच इतर बहुतेक शिष्यांनी ती लांब, तपशीलवार सांगितली. एकाच गुरूचे शिष्य, एकाने सार सांगितले, इतरांनी प्रसंग सांगितला. पण साराचा परिणाम पाहा. मालिकींना चहाचा प्रश्न पडतच नाही, कारण त्यांच्या वचनात रोजा मोडणे हेच लिहिलेले आहे. आणि त्यांच्याकडे तीन पर्यायांतला कुठलाही निवडता येतो, त्यांतही अन्नदान उत्तम मानतात. इतर तीन मजहबांत क्रम आहे. गुलामगिरी आता उरली नाही, म्हणून पहिली पायरी दोन महिन्यांचे रोजे, आणि ते शरीराला खरोखरच झेपत नसतील तरच अन्नदान. पैसेवाल्याने रोजे टाळून साठ जणांना जेवण घालून मोकळे व्हावे, ही सोय हनफी मजहबात नाही. रमजानात पुष्कळ जण अशी चौकशी करतात, म्हणून हे सांगितलेले बरे.

अन्नदानाची वेळ आलीच, तर एकेकाला किती द्यायचे? इथे शाफईंनी त्या टोपलीचेच माप घेतले. काही कथनांत टोपलीत पंधरा साअ खजूर होते असे येते. एक साअ म्हणजे चार मुद्द, म्हणजे एकूण साठ मुद्द. माणसे साठ, तेव्हा माणशी एक मुद्द, आजच्या हिशेबाने अर्ध्या किलोहून थोडे अधिक धान्य. हनफी म्हणतात, टोपली तेवढीच होती कारण त्या वेळी तेवढीच हाती आली, तिच्यावरून माप ठरत नाही. ते गव्हाचा अर्धा साअ सांगतात, जो इकडच्या रूढ हिशेबात दीड ते पावणेदोन किलोच्या दरम्यान जातो. साठ माणसांचा हिशेब केला तर एकीकडे पस्तीस-चाळीस किलो होतात आणि दुसरीकडे शंभर किलोच्या आसपास. टोपली एकच. ती नियम सांगणारी होती की योगायोगाने आलेली, एवढ्यावर हा फरक.

त्या माणसाच्या पत्नीबद्दल हदीस काहीच बोलत नाही. या मौनाचेही दोन अर्थ झाले. शाफईंचे प्रबळ मत असे की तिच्यावर कफ्फारा असता तर पैगंबरांनी तो तेव्हाच सांगितला असता, गरज असताना सांगायचे राहून गेले असे होत नाही. हनफी आणि मालिकी म्हणतात की ती तिथे हजर नव्हती, तिने काही कबूल केले नव्हते, ती राजी होती की नाही हेही माहीत नाही. नवऱ्याच्या शब्दावरून बायकोवर हुकूम कसा सोडणार? पण ती राजीखुशीने सामील असेल तर तिलाही तोच नियम. ज्या घरात सून कोकणातली शाफई आणि सासर हनफी, तिथे हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. अशा वेळी आपल्या मजहबाच्या जाणकाराला विचारावे, आणि विचारताना आपण कोणत्या मजहबाचे हे आधी सांगावे. मोबाइलवर सापडलेल्या उत्तरात बहुधा हीच गोष्ट लिहिलेली नसते, आणि मग शाफई माणूस हनफी ओझ्याने घाबरतो किंवा हनफी माणूस शाफई सवलतीवर निश्चिंत होतो.

राहिली खजुरांची टोपली. तो माणूस ती घेऊन घरी गेला आणि मुलाबाळांनी ते खजूर खाल्ले. मग त्याचा कफ्फारा फिटला का? हंबली म्हणतात, ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यावरून तो उतरतो, म्हणूनच पैगंबरांनी त्याला घरी जाऊ दिले. हनफी, मालिकी आणि बहुतेक शाफई म्हणतात की घरच्यांचे पोट आधी, एवढेच त्या दिवशी ठरले. ते खजूर कफ्फाऱ्याचे नव्हते, आणि ऐपत येईपर्यंत तो त्याच्या नावावर उधार राहिला.